पार्श्वभूमी: खडखडणारं झाकण आणि वाफेचं काम

चुलीवर भांडं उकळतंय, झाकण खडखडतंय. आचारी त्यावर पळी ठेवतो, मग वरवंटा ठेवतो. तरी झाकण अधूनमधून उचकतंच. वाफ ओझं उचलू शकते हे त्याला तिथे उमगतं आणि कथा संपते. वाफेच्या इंजिनाचा शोध या प्रसंगातून सांगायची रीत जुनी आहे. प्रसंग खराही आहे, कोणत्याही स्वयंपाकघरात रोज घडणारा. पण प्रत्यक्षात पहिली इंजिनं ज्या वाटेने आली ती वाट झाकण उचलण्यातून निघालेली नाही. ती भांडं गार होण्यातून निघाली. म्हणून मी म्हणतो, त्या आचाऱ्याने अर्धीच गोष्ट पाहिली.

आधी झाकणाचा हिशेब. आमच्या घरचं पातेलं तोंडाशी 24 सेंटीमीटर रुंद आहे आणि त्याचं झाकण काट्यावर 400 ग्रॅम भरलं. तोंडाचं क्षेत्रफळ साधारण 450 चौरस सेंटीमीटर. म्हणजे झाकण उचलायला दर चौरस सेंटीमीटरला एक ग्रॅमसुद्धा जास्तीचा दाब लागत नाही. आपल्या सगळ्यांवर हवेचा दाब तेवढ्याच जागेवर एक किलोच्या आसपास असतो. खडखडणाऱ्या झाकणाखाली वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा हजाराव्या हिश्शाने जास्त असतो, बस. आवाज मोठा, दाब नगण्य.

आता काम पाहू. शाळेत शिकलेलं कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. झाकण तीन मिलिमीटर उचललं जातं असं धरलं तर 0.012 ज्यूल काम झालं. 100 ग्रॅमचं वजन एक मीटर वर उचललं की एक ज्यूल होतो, त्यावरून हे किती किरकोळ आहे ते कळेल. पण त्याच तीन मिलिमीटरमध्ये वाफेने आणखी एक काम केलेलं असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. झाकणासोबत तिने वरची हवाही तेवढी मागे सारली. सुमारे 136 घन सेंटीमीटर जागेतून हवा हटवायला जवळपास 14 ज्यूल लागतात, म्हणजे झाकणावर खर्च झालेल्या कामाच्या हजारपटीहून जास्त. आचारी झाकणाकडे बघत राहतो आणि वाफेची सगळी मेहनत हवा ढकलण्यात चाललेली असते.

हवेवर केलेलं हे काम वाया जात नाही. वाफ पुन्हा पाणी झाली की तिने अडवलेली जागा रिकामी होते, आणि बाहेरची हवा ती जागा भरायला तेवढ्याच जोराने परत येते. एक ग्रॅम पाण्याची वाफ 100 अंशांना सुमारे 1.7 लिटर जागा व्यापते. गार झाल्यावर तीच पुन्हा चिमूटभर पाणी होते. घट्ट बसणारं झाकण असलेलं भांडं वाफेने भरून गार होऊ दिलं तर झाकण चिकटून बसतं आणि हाताने निघत नाही. कुकर शिट्टीसकट पूर्ण गार झाल्यावर शिट्टी उचलली की कधी कधी आत हवा शिरल्याचा बारीक फुस्स आवाज येतो, तोही याचाच. आमच्या पातेल्याच्या तोंडावर पूर्ण निर्वात झाला तर हवेचा भार 460 किलोच्या वर जाईल. 400 ग्रॅम कुठे आणि 460 किलो कुठे!

पहिल्या इंजिनांआधीचा इतिहास दोन ओळींत सांगता येतो. अलेक्झांड्रियात पहिल्या शतकात वाफेने गरगर फिरणारा गोळा होता. 1663 साली एका इंग्रज उमरावाने लिहून ठेवलं की तोफेत तीन चतुर्थांश पाणी भरून तोंड बंद केलं आणि खाली जाळ ठेवला, तर 24 तासांत ती फुटली. याच उमरावाबद्दल पुढे अशी दंतकथा जोडली गेली की लंडनच्या किल्ल्यात कैदेत असताना त्याने शिजत्या भांड्याचं झाकण उडालेलं पाहिलं आणि त्याला सगळं सुचलं. झाकणाच्या गोष्टीचं मूळ अशा दंतकथांत आहे.

खरा स्वयंपाकघरातला माणूस त्याच्यानंतर येतो. शिक्षणाने वैद्य असलेल्या एका फ्रेंच निर्वासिताने 1679 साली लंडनच्या विद्वत्सभेत घट्ट झाकणाचं लोखंडी भांडं दाखवलं. हाडं शिजवून मऊ करायची आणि गरिबांच्या पोटाला त्यातला रस मिळवून द्यायचा, हा त्याचा हेतू. एप्रिल 1682 मध्ये सभेच्या काही सदस्यांनी या भांड्यात शिजवलेलं जेवण घेतलं. त्यांतल्या एकाच्या रोजनिशीत गाई-मेंढ्यांची कडक हाडं चीजसारखी मऊ झाल्याची नोंद आहे. भांडं फुटू नये म्हणून त्याने झाकणाला एक भोक पाडून त्यावर तरफेने वजन लटकवलं. दाब वाढला की वजन उचलायचं, वाफ सुटायची, वजन पुन्हा बसायचं. आपल्या कुकरची शिट्टी त्याच तत्त्वावर चालते, फक्त तरफ नाही. आतलं तापमान किती हे बघायला तो झाकणावर पाण्याचा थेंब टाकून तो किती वेळात उडतो ते मोजायचा. भाकरीचा तवा तापला का हे बघायला आपण पाणी शिंपडतो, तोच प्रकार.

पण हे भांडं इंजिन नव्हतं आणि खडखडणारं झाकणही इंजिन नाही. ती झडप आहे. वाफ झाकणाची एक कड उचलते, त्या फटीतून निसटते, दाब उतरतो आणि झाकण आपटतं. काम काढायचं तर झाकणाने निसटू न देता लांबवर सरकत राहायला हवं. म्हणजे भांड्याच्या आत सरकणारं झाकण हवं, ज्याला आपण दट्ट्या म्हणतो.

तो दट्ट्या याच वैद्याने जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये बसवला आणि 1690 साली त्याबद्दल लिहिलं. त्याआधी पॅरिसमध्ये तो बंदुकीच्या दारूचा स्फोट करून नळीतली हवा बाहेर काढण्याच्या प्रयोगात मदत करत होता. पण स्फोटानंतर नळीत सुमारे पाचवा हिस्सा हवा शिल्लक राहायची आणि दट्ट्या पूर्ण खाली येत नसे. पाण्याची वाफ मात्र गार झाल्यावर जवळजवळ पूर्ण नाहीशी होते. म्हणून त्याने दारूच्या जागी पाणी घेतलं. अडीच इंच व्यासाच्या नळीच्या तळाशी थोडं पाणी, वर दट्ट्या. जाळ दिला की दट्ट्या वर जातो आणि खिट्टीने अडकतो. जाळ काढला की वाफ पाणी होते. खिट्टी सोडली की हवा दट्ट्याला खाली दाबते आणि त्या खालच्या फेरीत दोरीला बांधलेलं 60 पौंडांचं वजन वर येतं. त्याच्या यंत्रात वाफेचं काम जागा करून देण्याचं होतं. वजन उचललं ते हवेने.

शब्दाचा घोळ इथेच होतो आणि तो आजही सुटलेला नाही. 1712 साली इंग्लंडमध्ये डडलीच्या किल्ल्याजवळच्या कोळशाच्या खाणीत जे इंजिन बसलं, त्याला आपण सर्रास वाफेचं इंजिन म्हणतो. पण त्याच्या बॉयलरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडासाच जास्त होता, आणि बॉयलरही दारू गाळणाऱ्यांच्या तांब्याच्या मोठ्या भांड्याच्या घडणीचा होता. सिलिंडर वाफेने भरायचा, आत थंड पाण्याची चिळकांडी सोडायची, वाफ एका क्षणात पाणी व्हायची आणि हवा दट्ट्याला खाली खेचल्यासारखी दाबायची. मिनिटाला 12 झोके, दर झोक्याला 45 लिटर पाणी सुमारे 46 मीटर वर. तेव्हाच्या लोकांनी त्याला अग्नियंत्र म्हटलं, वाफेचं यंत्र म्हटलं नाही. पुढे मराठीतही आगगाडी आणि आगबोट हेच शब्द रुजले, हे मला फार आवडतं. उष्णता हे मूळ आहे, हे त्या नावातच येतं. ‘वाफेच्या दाबावर चालणारं’ हे वर्णन डडलीच्या यंत्राला लावलं की वाचणारा चुकीच्या दिशेने विचार करू लागतो.

किटलीची गोष्टही याच चुकीत सापडली. स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकच्या एका मुलाने किटलीचं झाकण उडताना पाहिलं, असं आपण लहानपणी वाचतो. त्याचं नाव आज बल्बच्या खोक्यावर एकक म्हणून छापलेलं असतं. या आख्यायिकेचा आधार म्हणजे त्याच्या एका नातेवाईक बाईंची 1798 सालची आठवण, घटनेनंतर जवळपास पन्नास वर्षांनी लिहून ठेवलेली. त्या आठवणीत झाकण खडखडत नाही. मुलगा झाकण काढतो, परत ठेवतो, आणि वाफेवर कधी कप तर कधी चांदीचा चमचा धरून त्यावर जमणारे थेंब टिपत बसतो. मामी रागावतात की तासभर नुसता बसला आहेस. म्हणजे आठवणीत भर आहे तो वाफेचं पाणी होण्यावर. एकोणिसाव्या शतकात ही गोष्ट छापून पसरली, चित्रं निघाली, आणि सांगता सांगता थेंब गळून पडले, झाकण तेवढं उरलं.

या मुलाचं पुढचं मोठं काम नेमकं थेंबांचंच निघालं. 1763-64 च्या हिवाळ्यात ग्लासगोच्या विद्यापीठातलं डडलीच्या जातीच्या इंजिनाचं छोटं प्रतिरूप त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. ते थोडे झोके देऊन थांबत असे. सिलिंडर प्रत्येक वेळी थंड पाण्याने गार होतो आणि पुढच्या वेळी आलेली बरीचशी वाफ तो पुन्हा तापवण्यातच खर्च होते, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने किटलीची वाफ नळीने थंड पाण्यात सोडून मोजमाप केलं: वाफ स्वतःच्या वजनाच्या सुमारे सहापट पाण्याला उकळीपर्यंत नेऊ शकते. 1765 साली त्याला उत्तर मिळालं: वाफ सिलिंडरमध्ये गार करायची नाही, शेजारच्या वेगळ्या भांड्यात गार करायची. सिलिंडर गरम, भांडं गार.

झाकणाची वाटही त्याने त्याआधी चालून पाहिली होती. 1761-62 च्या सुमारास त्याने त्या फ्रेंच वैद्याच्या जातीच्या भांड्यावर एक तृतीयांश इंच व्यासाची पिचकारी बसवली आणि वाफेने 15 पौंड वजन उचलून दाखवलं. बोटाएवढ्या जाडीचीही नसलेली पिचकारी आणि जवळजवळ सात किलो भार. हिशेब केला तर हवेच्या दाबाच्या बारापटीच्या आसपास जातो. घरचा कुकर साधारण एक पट जास्त दाबावर शिट्टी देतो, त्यावरून अंदाज येईल. भांडं फुटण्याची भीती, सांधे घट्ट ठेवण्याची अडचण आणि निर्वाताचा फायदा हातून जाणं, या कारणांनी त्याने तो नाद सोडला. पुढेही तो जास्त दाबाच्या यंत्रांच्या विरोधात राहिला. माझ्या मते त्या काळच्या पत्र्याकडे आणि रिव्हेटांकडे पाहता त्याची भीती बरोबर होती. पण त्याचं पेटंट 1800 पर्यंत टिकलं आणि त्यामुळे इतरांच्या वाटाही अडल्या, हेही खरं.

1800 नंतर बॉयलर मजबूत झाले आणि वाफ खऱ्या अर्थाने ढकलू लागली. थंड पाण्याचं वेगळं भांडं वाहून न्यायची गरज उरली नाही, यंत्र आटोपशीर झालं आणि 1804 साली दक्षिण वेल्समध्ये रुळांवर चाललं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीची इंजिनं या दुसऱ्या जातीची, म्हणजे आचाऱ्याच्या झाकणाची.

मुद्दा इतकाच की ही वाट शंभर वर्षं उशिरा उघडली. तिच्याआधी चालू शकणारी वाटही त्याच चुलीपाशी होती. आचाऱ्याने भांडं उतरवून, झाकण घट्ट लावून ओल्या फडक्यावर ठेवलं असतं, तर थोड्या वेळाने झाकण ओढताना त्याचे दोन्ही हात अडले असते.