आठाचे आठ की आठाचे चार?

आठ गुणसूत्रे असलेल्या पेशीचे सूत्री विभाजन झाले, तर प्रत्येक जन्य पेशीत किती गुणसूत्रे असतील, या प्रश्नाला बरेच जण चटकन "चार" असे उत्तर देतात. एकाचे दोन झाले म्हणजे वाटणी झाली आणि वाटणी झाली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला निम्मे आले, असा त्यामागचा सरळ हिशेब असतो. तो चुकतो, कारण वाटणीपूर्वी पेशीने आपला सगळा ऐवज दुप्पट करून ठेवलेला असतो आणि ही गोष्ट प्रश्नात लिहिलेली नसते.

फळमाशीचे उदाहरण घेऊ. तिच्या शरीरपेशीत 8 गुणसूत्रे, म्हणजे चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून, तर दुसरे वडिलांकडून आलेले असते. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्रातील डीएनएची प्रत तयार होते. मूळ आणि प्रत या दोहोंना अर्धगुणसूत्रे म्हणतात आणि ती गुणसूत्रबिंदूपाशी एकमेकांना जोडलेली राहतात. या घडीला डीएनए दुप्पट झालेला असतो, अर्धगुणसूत्रे 16 असतात, पण गुणसूत्रे मात्र 8च मोजली जातात. गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेले सर्व काही मिळून एक गुणसूत्र, असा मोजणीचा संकेत आहे. हा संकेत हातचा सुटला, की पुढची सगळी बेरीज-वजाबाकी बिघडते.

सूत्री विभाजनात ही आठही गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर एका रांगेत येतात आणि प्रत्येकाची दोन अर्धगुणसूत्रे विलग होऊन विरुद्ध टोकांकडे ओढली जातात. विलग होताक्षणी प्रत्येक अर्धगुणसूत्र स्वतंत्र गुणसूत्र ठरते, त्यामुळे पेशी पूर्णपणे दुभंगेपर्यंत काही काळ तिच्यात 16 गुणसूत्रे असतात. पुढे आठ इकडे, आठ तिकडे. जनक पेशीत होती तितकीच गुणसूत्रे दोन्ही जन्य पेशींत येतात.

जननपेशी घडवणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनाची पूर्वतयारी अगदी हीच असते, पण पहिल्याच टप्प्यात वाट बदलते. येथे आईकडचे आणि वडिलांकडचे समजात, म्हणजे एकाच जोडीतले, गुणसूत्र एकमेकांना बिलगते, चार जोड्या तयार होतात आणि त्या जोड्या फुटतात. अर्धगुणसूत्रांना या टप्प्यात कोणी वेगळे करत नाही. प्रत्येक टोकाला चार अखंड गुणसूत्रे जातात आणि त्या प्रत्येकात दोन अर्धगुणसूत्रे तशीच असतात. संख्या निम्मी होते ती इथे. दुसऱ्या टप्प्यापूर्वी डीएनएची नवी प्रत बनत नाही. त्या टप्प्यात अर्धगुणसूत्रे सूत्री विभाजनाप्रमाणेच विलग होतात आणि चाराच्या पेशीतून चाराच्याच दोन पेशी मिळतात. शेवटी एकूण चार पेशी, प्रत्येकीत 4 गुणसूत्रे. दोन विभाजने झाली म्हणून संख्याही दोनदा निम्मी होऊन 2 झाली, असे लिहिणारे डीएनएचे प्रमाण आणि गुणसूत्रांची संख्या यांची गल्लत करतात. निम्मा दोनदा होतो तो डीएनए.

ही गल्लत उघडी पाडायची असेल, तर सूत्री विभाजनातून आलेली पेशी आणि अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यातून आलेली पेशी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. पहिलीत आठ सुटी गुणसूत्रे आहेत, दुसरीत प्रत्येकी दोन अर्धगुणसूत्रांची चार गुणसूत्रे आहेत. दोन्हींतील डीएनए जवळपास सारखाच आहे, तरी एकीची संख्या आठ आणि दुसरीची चार. दुसरीत कोणत्याही गुणसूत्राचा समजात जोडीदार उरलेला नाही, हा त्यांच्यातला खरा फरक आहे.

आपल्या परिभाषेनेही या घोळात थोडी भर घातली आहे, असे मला वाटते. "अर्धगुणसूत्री" हा शब्द ऐकला, की ज्यात अर्धगुणसूत्रे वेगळी होतात ते हे विभाजन, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात अर्धगुणसूत्रे वेगळी करणे हे सूत्री विभाजनाचे काम आहे आणि अर्धगुणसूत्री विभाजनात ते दुसऱ्या टप्प्यावर ढकललेले असते. या नावातले "अर्ध" गुणसूत्रांच्या संख्येविषयी बोलते, गुणसूत्राच्या तुकड्याविषयी नाही.

"सूत्री विभाजनातून द्विगुणित पेशी मिळतात", म्हणजे गुणसूत्रे जोडीजोडीने असलेल्या पेशी मिळतात, हे पाठ केलेले वाक्यही तितकेच धोक्याचे आहे. मधमाश्यांमध्ये राणी आणि कामकरी माश्यांच्या पेशींत 32 गुणसूत्रे असतात, पण नर फलित न झालेल्या अंड्यातून जन्मतो आणि त्याला मुळात 16च गुणसूत्रे मिळतात. त्या अंड्यापासून त्याचे शरीर सूत्री विभाजनानेच घडते आणि दर विभाजनात 16 गुणसूत्रांच्या पेशीतून 16 गुणसूत्रांच्याच पेशी निघतात, कारण सूत्री विभाजन समोर असलेली संख्या फक्त जशीच्या तशी पुढे देते. शुक्राणू तयार करतानाही या नराकडे फोडायला समजात जोड्याच नसतात. त्यामुळे संख्या निम्मी करणारा टप्पा त्याच्यात अर्ध्यावरच सोडून दिला जातो आणि शुक्राणूतही 16 गुणसूत्रेच असतात.