ऱ्हुमॅटिक ताप

घशाला झालेल्या जंतुसंसर्गावर उपचार न झाल्यास साधारण दोन-तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटू शकते. त्या आजाराला ऱ्हुमॅटिक ताप किंवा संधिज्वर म्हणतात. तो मुख्यतः 5 ते 15 वर्षांच्या मुलांना होतो.

मूळ जंतू ‘अ’ गटातला स्ट्रेप्टोकॉकस. त्याच्या आवरणावरचे एम प्रथिन हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिनशी मिळतेजुळते असते, त्यामुळे जंतूसाठी तयार झालेली प्रतिपिंडे हृदयालाही चिकटतात. झडपेला सूज येते, पण तिथे जंतू नसतात. घसा तर तोवर बरा होऊन विसरलाही गेलेला असतो.

समजा, 30 किलो वजनाच्या दहा वर्षांच्या मुलीचा घसा दुखला, ताप आला आणि गुळण्या करून चार दिवसांत ती बरी झाली. तीन आठवड्यांनी तिचा उजवा गुडघा सुजतो, गरम लागतो. दोन दिवसांनी तो उतरतो आणि डावा घोटा धरतो. दुखणे असे एका मोठ्या सांध्यावरून दुसऱ्यावर सरकणे ही या आजाराची खूण आहे. नेमकी इथेच चूक होते. वेदनाशामक गोळीने सांधा दोन-तीन दिवसांत मोकळा होतो, सरकण्याची खूण पुसली जाते आणि ‘वाढीचं दुखणं’ म्हणून विषय संपतो. सांध्यात काही व्यंग उरत नाही. झडपेला मात्र त्या गोळीचा काही उपयोग नसतो. एएसओ या रक्ततपासणीतून फक्त जंतू येऊन गेल्याचे कळते, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर निदान करू नये. स्टेथोस्कोपला काही ऐकू आले नाही तरी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करावीच.

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप सर्वाधिक बिघडते. आधी ती गळते. पुढे, विशेषतः हा ताप पुन्हापुन्हा आल्यास, तिच्या पाकळ्या जाड होऊन कडांना चिकटतात. एरवी 4 ते 6 चौरस सेंटिमीटरचे तोंड दीडपर्यंत आक्रसले की चढावर धाप लागते. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते आणि अनेकींचा आजार तेव्हाच पहिल्यांदा उघडकीस येतो.

घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तर हा ताप टळतो. एकदा होऊन गेल्यावर मात्र दर 21 दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन लागते: 27 किलोपर्यंत 6 लाख युनिट, त्यापुढे 12 लाख. हृदय सुटले असेल तरी किमान 5 वर्षे किंवा वयाच्या 18व्या वर्षापर्यंत, यांतले जे नंतर येईल तोवर. झडप फार बिघडली असेल तर बहुधा जन्मभर. औषध दुधासारखे पांढरे आणि दाट असते. नीट न हलवल्यास ते सुईत अडकते, म्हणून जाड सुईने, सावकाश, खोल स्नायूत द्यावे लागते. ते दुखते आणि मुले टाळू लागतात. पण चौथ्या आठवड्यात रक्तातले पेनिसिलिन पुरेसे उरत नाही, आणि तेवढ्यात घशात शिरलेला नवा स्ट्रेप्टोकॉकस त्याच झडपेवर दुसरा घाव घालतो.