पाळीचं रक्त: लाल, तपकिरी, काळं

पाळीचं रक्त लालभडक, मरून, तपकिरी, कधी जवळजवळ काळं, असं एकाच पाळीत सगळ्या रंगांचं दिसू शकतं आणि यातलं काहीच मुळात आजार नाही. रंग मुख्यतः एकच सांगतो, रक्त आत किती वेळ थांबलं ते. कपड्यावरचा रक्ताचा डाग वाळल्यावर कसा तपकिरी होतो तसंच हे, रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहावर ऑक्सिजनची क्रिया होते आणि रंग गडद होत जातो. आमच्या नाशकात अजून कितीतरी बायका काळ्या रक्ताला "साचलेलं घाण रक्त" म्हणतात, पण ते घाण नसतं, नुसतं उशिरा बाहेर आलेलं असतं.

आता समजा सिडकोतली कॉलेजची एक मुलगी आहे. पहिल्या दिवशी सकाळी नुसते तपकिरी डाग, कारण अंगावरून जाणं अजून हळू आहे. दुसऱ्या दिवशी जोर वाढतो, रक्त ताजं ताजं बाहेर पडतं म्हणून लालभडक, सोबत एकदोन छोट्या गाठी. चौथ्या दिवशी मरून, सहाव्या दिवशी पॅडवर काळपट ठिपके आणि संपलं. अगदी नॉर्मल.

गाठींचं जरा नीट सांगायला हवं. गर्भाशयात रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात, म्हणून पाळीचं रक्त बहुतेक पातळ राहतं. पण रक्त फार जोरात जायला लागलं की ते पदार्थ पुरे पडत नाहीत आणि गाठी पडतात. त्यात अस्तराचे तुकडेही असतात म्हणून त्या जेलीसारख्या लागतात. द्राक्षाच्या मण्यापेक्षा लहान गाठ अधूनमधून पडली तर ठीक, पण दहाच्या नाण्याएवढ्या (साधारण अडीच सेंटिमीटर) किंवा मोठ्या गाठी, तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजणं, सात दिवसांच्या वर पाळी चालणं, असं असेल तर दाखवावं. समजा अंबडच्या कंपनीत उभ्याने शिफ्ट करणारी चाळिशीतली बाई, तिला हे सगळं आहे आणि जिना चढताना दम लागतो, तर डॉक्टर हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी सांगतात. फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयात वाढलेली मांसल गाठ, निघू शकतं, थायरॉइडचा घोळ असू शकतो, आणि लोह कमी झालेलं असतंच बऱ्याचदा. इथे रंग लालभडकच असतो बरं का, म्हणजे दिसायला "चांगलं" रक्त.

गुलाबी म्हणजे रक्तात पांढरं जाणं मिसळलेलं, बहुतेक सुरुवातीला किंवा शेवटी. करडं, घाण वास येणारं जात असेल आणि खाज किंवा ताप असेल तर इन्फेक्शनचा संशय. गर्भनिरोधक गोळ्या किंवा कॉपर टी सुरू केल्यावर मधेच तपकिरी डाग पडतात, पहिले काही महिने चालतं. पण पाळी चुकलीय, तपकिरी डाग पडतायत आणि ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, तर घरी थांबायचं नाही, गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला, कुठल्याही रंगाचा, तरी तपासून घ्यायचं.