जेवायला बसलं की जबड्याखाली सूज: खडा की संसर्ग?

जबड्याच्या हाडाखाली एका बाजूला दुखरी सूज आली की घरात पहिला संशय दाढेवर जातो आणि दुसरा गालगुंडावर. दोन्ही संशय रास्त आहेत. पण सूज पानावर बसल्याबसल्या वाढत असेल आणि जेवण आटोपल्यावर तासा-दोन तासांत ओसरत असेल, तर आधी विचार करायचा तो लाळेच्या नळीत अडकलेल्या खड्याचा. अडचण अशी, की हा जेवणाचा संबंध रुग्ण आपणहून सांगत नाहीत. ‘डॉक्टर, इथे गाठ येते,’ एवढंच सांगतात, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ती गाठ बसलेली असते.

आमच्या इंदूरमध्ये नेहमी दिसणाऱ्या रुग्णाचं चित्र डोळ्यांपुढे आणू. रामबागेतले एक गृहस्थ, वय 46. सकाळी पोह्यांवर लिंबू पिळून पहिले दोन-चार घास खाल्ले, की उजव्या जबड्याखाली ताण बसायचा, कानापर्यंत ठणका जायचा आणि हाडाखाली फुगवटा हाताला लागायचा. तासाभरात सगळं शांत. दुपारच्या वरणभाताला त्रास कमी, संध्याकाळी चिंचेचं पाणी घातलेली पाणीपुरी खाल्ली की पुन्हा तेच. त्यांनी तीन महिने दाढेलाच दोष दिला आणि त्या बाजूने चावणं सोडलं. उपयोग झाला नाही, कारण त्रास चावण्यातून येतच नव्हता, तो लाळ सुटण्यातून येत होता.

जबड्याखाली दोन्ही बाजूंना एकेक लाळग्रंथी असते. तोंड स्वस्थ असताना जी लाळ पाझरत असते, तिचा सर्वात मोठा वाटा याच दोन ग्रंथींचा. प्रत्येक ग्रंथीतून साधारण पाच सेंटिमीटर लांबीची एक नळी निघते. थॉमस व्हॉर्टन या इंग्रज वैद्याने 1656 साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. ही नळी तोंडाचा तळ पेलणाऱ्या स्नायूच्या मागच्या कडेला वळसा घालते, मग पुढे आणि वर चढत जिभेखाली येते. आरशासमोर जीभ टाळूला लावून पाहिलंत, तर जिभेखालच्या दोरीच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक उंचवटे दिसतील. नळ्यांची तोंडं तिथेच असतात, आणि संपूर्ण नळीत सर्वात अरुंद जागा हीच.

लाळग्रंथींमधले बहुतेक खडे, दहापैकी आठ किंवा त्याहूनही जास्त, या जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात. कारण तिच्या रचनेत आणि तिच्या लाळेत आहे. गालातल्या ग्रंथीची लाळ पाण्यासारखी पातळ असते. हिची लाळ चिकट, जास्त अल्कधर्मी आणि कॅल्शियम-फॉस्फेटने अधिक समृद्ध. त्यात नळी लांब, वळणाची आणि खालून वर चढणारी. बसलेल्या किंवा उभ्या माणसात ही लाळ गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वाहते, त्यामुळे ती रेंगाळते. रेंगाळलेल्या लाळेतल्या चिकट द्रव्याच्या किंवा पेशींच्या एखाद्या कणाभोवती क्षार जमत जातात, थरावर थर बसतो आणि वर्षानुवर्षं खडा वाढत राहतो. तो वाढत असताना बराच काळ काहीच जाणवत नाही.

आता लिंबाकडे येऊ. आंबट चव जिभेवर पडताच मेंदूच्या देठातून लाळग्रंथीला हुकूम जातो. तो ज्या मज्जातंतूतून जातो तो मधल्या कानातून, कानाच्या पडद्याला लागून, वाट काढत जिभेकडे उतरतो. काही क्षणांत लाळेचा ओघ कित्येक पटींनी वाढतो. नळीत खडा असेल, तर चालू पंपाची तोटी दाबून धरावी तसं होतं: ग्रंथी लाळ ढकलत राहते, पुढे वाट नसते, आत दाब वाढतो आणि ग्रंथीभोवतीचं आवरण ताणलं जातं. दुखतं ते या ताणामुळे. खाणं थांबलं की लाळ सुटणं मंदावतं. खडा क्वचितच नळी पूर्ण बंद करतो, त्यामुळे त्याच्या कडेने साठलेली लाळ हळूहळू झिरपून जाते आणि सूज उतरते.

म्हणून रुग्णाला विचारायचा माझा सर्वात आवडता प्रश्न हा: दोन जेवणांच्या मध्ये काय होतं? निव्वळ खड्याच्या त्रासात मधल्या काळात माणूस जवळजवळ ठणठणीत असतो. ताप नाही, कातडी लाल नाही, बोट लावलं तर थोडी जडपणाची जाणीव. संसर्ग झालेल्या ग्रंथीची गोष्ट वेगळी. ती सकाळ-संध्याकाळ सुजलेलीच राहते, नुसतं बोट लागलं तरी दुखते, वरची कातडी गरम आणि लालसर होते, अंगात ताप येतो, तोंडात घाणेरडी चव राहते. जेवताना तिथेही दुखणं वाढतं, कारण आजारी ग्रंथीलाही लाळ सुटण्याचा हुकूम मिळतोच. म्हणजे ‘जेवताना वाढतं’ हे एकटं लक्षण पुरेसं नाही. जेवणानंतर ते पूर्ण उतरतं का, हे पाहायला हवं.

दाढेच्या संसर्गाने जबड्याखाली अवधाण येतं तेव्हा लसिकाग्रंथी सुजते. तिचा लाळेशी संबंध नसतो, म्हणून ती जेवणाच्या वेळेनुसार कमीजास्त होत नाही. गालगुंड बहुधा कानापुढची आणि कानाखालची ग्रंथी धरतं, ताप आणतं आणि काही दिवसांत आपोआप बरं होतं. ते महिनोन्महिने येत-जात राहत नाही.

पण खडा आणि संसर्ग यांतलं एकच काहीतरी निवडायचं, असंही नाही. आमच्या गृहस्थांचं पुढे तेच झालं. चौथ्या महिन्यात एका दुपारी सूज आली ती बसलीच नाही. रात्री थंडी वाजून ताप आला. अडलेल्या लाळेत तोंडातले जंतू नळीतून उलटे चढले होते. ओळखीच्या दवाखान्यातून प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळाल्या, तीन दिवसांत ताप उतरला, सूज निम्मी झाली आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पंधरा दिवसांनी पुन्हा पोहे, पुन्हा लिंबू, पुन्हा फुगवटा. गोळ्यांनी जंतू मेले, खडा जिथल्या तिथे होता. मला सर्वात जास्त काळजी वाटते ती याच टप्प्याची. प्रत्येक वेळी गोळ्यांनी बरं वाटतं, म्हणून कारण शोधायचं राहून जातं. वारंवारच्या संसर्गाने ग्रंथीत व्रण साठत जातात आणि तिची लाळ बनवायची ताकद घटते.

तपासणीत आधी बोटांचं काम असतं. हातमोजा घालून एक बोट जिभेखाली ठेवायचं, दुसऱ्या हाताने बाहेरून जबड्याखाली आधार द्यायचा आणि नळीच्या वाटेवर मागून पुढे चाचपत यायचं. पुढून मागे चाचपलं तर खडा ग्रंथीकडे सरकू शकतो. मग ग्रंथी हलकेच दाबून नळीच्या तोंडावर नजर ठेवायची. स्वच्छ लाळेचा थेंब आला तर नळी मोकळी. काहीच आलं नाही तर अडथळा. गढूळ थेंब किंवा पू आला तर संसर्ग. उजेड आणि धीर असेल, तर पाच मिनिटांत बरंच कळतं. या गृहस्थांच्या उजव्या नळीतून थेंब आला नाही, आणि दोरीपासून जेमतेम दीड सेंटिमीटर मागे बोटाला टणक कण लागला.

सोनोग्राफीत तो 6 मिलिमीटरचा निघाला. सोनोग्राफीत दोन मिलिमीटरपेक्षा मोठा खडा सहसा दिसतो, आणि ग्रंथी किती सुजली आहे, आत पू साठला आहे का, हेही कळतं. साध्या एक्स-रेत बहुतेक खडे दिसतात, पण सगळे नाही. म्हणून एक्स-रे कोरा आला, म्हणजे खडा नाहीच, असं समजू नये. शंका उरली तर सीटी स्कॅन छोटे खडेही दाखवतो.

उपचार खड्याच्या आकारावर आणि जागेवर ठरतो. दोन-तीन मिलिमीटरचा खडा नळीच्या तोंडाजवळ असेल, तर भरपूर पाणी, बाहेरून कोमट शेक आणि मागून पुढे हलकी मालीश एवढ्यानेही तो निसटू शकतो. याच टप्प्यावर लिंबाची फोड किंवा आंबट गोळी चघळायला सांगतात, म्हणजे लाळेचा जोर खड्याला बाहेर ढकलेल. पण ताप, पू किंवा न बसणारी सूज असताना हा प्रयोग करू नये. वाट बंद असताना लाळ वाढवली, तर वेदनाच वाढते. पिन किंवा टूथपिकने खडा टोकरण्याचा मोह काहींना होतो. तो अजिबात नको, त्याने नळी फाटते आणि जंतू आत जातात.

साधारण चार मिलिमीटरपर्यंतचे, नळीत सुटे असलेले खडे, नळीतून घालायच्या अगदी बारीक दुर्बिणीने आणि तारेच्या छोट्या जाळीने ओढून काढता येतात. मोठ्या खड्याला या वाटेने यायला जागा नसते. आमच्या रुग्णाचा खडा मोठा, पण पुढेच होता. आधी संसर्ग शांत होऊ दिला, मग जागा बधिर करून तोंडातूनच नळीवर छोटा छेद घेऊन तो काढला. बाहेर आला तो पिवळसर, खडबडीत. छेद घट्ट शिवला नाही. तिथे नळीला नवं, रुंद तोंड राहू दिलं, म्हणजे व्रणाने वाट पुन्हा अरुंद होणार नाही. खडा ग्रंथीच्या आत खोल असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तरच ग्रंथी काढायचा विचार होतो. त्या भागातून खालच्या ओठाला, जिभेच्या संवेदनेला आणि तिच्या हालचालीला जाणारे मज्जातंतू जातात, म्हणून त्या शस्त्रक्रियेची घाई नको.

‘टोमॅटो, पालक बंद करू का? दूध सोडू का?’ असं त्यांच्या पत्नीने विचारलं. मूत्रखड्याची पथ्यं इथे लागू नाहीत. लाळेचे खडे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचे असतात आणि या रुग्णांच्या रक्तातलं कॅल्शियम सहसा ठीक असतं, त्यामुळे दूध सोडून काही साधत नाही. पाणी मात्र भरपूर प्यावं, विशेषतः मे महिन्याच्या उन्हात. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधं लाळ आटवतात. ती घेत असाल, तर डॉक्टरांना जरूर सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

दोन प्रसंगी वेगळा हिशेब लागतो. जिभेखालचा तळ सुजून जीभ वर उचलली गेली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना किंवा श्वास अडू लागला, तर तसंच थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं, मग रात्रीचे दोन वाजले असोत. उलट, न दुखणारी, जेवणाशी संबंध नसलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही किंवा वाढत राहिली, तर ती खडा नसून अर्बुद असू शकते. तिची सोनोग्राफी आणि सुईने पेशींची तपासणी करून घ्यावी. ती दुखत नाही म्हणून थांबू नये.