फ्रेम गळण्याचा दोष कन्सोलचा नव्हे

“माझं इंटरनेट 100 एमबीपीएसचं आहे, तरी लाइव्हमध्ये फ्रेम ड्रॉप होतात, म्हणजे कन्सोल किंवा कॅप्चर कार्डच कमी पडतंय ना?”

बहुधा नाही. जाहिरातीतला 100 हा आकडा सहसा डाउनलोडचा असतो, तर प्रक्षेपण अपलोडवर चालते. प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या ओबीएस या सॉफ्टवेअरच्या Stats खिडकीत Dropped Frames (Network) ही ओळ वाढत असेल, तर चित्र तयार झाले होते, पण वेळेत बाहेर पडू शकले नाही, असा त्याचा अर्थ होतो. चित्र पाठवण्याआधी ते लहान करणारा एन्कोडर मागे पडल्याची नोंद त्याच खिडकीत वेगळी असते.

समजा, संध्याकाळी चार-पाच वेळा मोजल्यावर अपलोड 8, 7 आणि एकदा 5 एमबीपीएस आला. सरासरी पाहून बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, 6000 केबीपीएस म्हणजेच 6 एमबीपीएस ठेवला, तर वेग 5 वर घसरताच डेटा तुंबतो आणि ओबीएस फ्रेम टाकून देते. म्हणून हिशेब नीचांकावरून करावा: 5 चे सत्तर टक्के, म्हणजे 3500 केबीपीएस, आणि त्यासोबत 1080p चा हट्ट सोडून 720p. (वेगवान खेळात कमी बिटरेटचे 1080p उलट अधिक पुसट दिसते.) एवढे करूनही तीच ओळ वाढत राहिली, तर वायफाय सोडून केबल लावून पाहावी, मग सर्व्हर बदलावा.