रजिस्टर्ड मृत्युपत्र आणि पुराव्याचा भार

“आईचं मृत्युपत्र रजिस्टर झालंय, आता कोर्टात काही होत नाही.”

होतं. नोंदणीनं मृत्युपत्राला बळ मिळतं, पण ते खरं ठरवायची जबाबदारी पुढे करणाऱ्याचीच. हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात आणून त्यानं आईची सही आणि शाबूत भान सिद्ध करायचं.

समजा, सगळं घर मिळालेल्या मुलानंच वकील गाठला, आईला निबंधकाकडे नेलं, आणि मुलींना का वगळलं याचा मृत्युपत्रात शब्द नाही. हा संशय त्यानंच फेडायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५८ साली व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितलं.

मात्र ‘दबाव टाकून सही घेतली’ म्हणणाऱ्या मुलींनी तो दबाव स्वतः सिद्ध करायचा. मुलगा आईजवळ राहत होता, एवढ्यानं भागत नाही.