खर्च म्हणजे आजार नव्हे: बोर्ड मीटिंगमध्ये सांगितलेली एक केस

बरं, सगळे आलेत तर सुरू करते. स्लाइड्स नाहीयेत. अल्गोरिदममध्ये बायस असतो असं सारखं कानावर पडतं, पण तो नेमका घुसतो कुठून हे कोणी सांगत नाही, म्हणून आज एकच केस घेऊया, अमेरिकेतली. टक्केवारी कळते ना, मग बास, त्यापलीकडे गणित नाही.

तिकडच्या मोठ्या हॉस्पिटल्समध्ये सगळ्यात जास्त आजारी पेशंटसाठी वेगळा प्रोग्राम असतो, म्हणजे जादा नर्सेस, डॉक्टरांची लवकर वेळ, जास्तीचं लक्ष. जागा मोजक्या, त्यामुळे कोणाला घ्यायचं हे ठरवायला सॉफ्टवेअर लावलेलं, ते प्रत्येकाला एक रिस्क स्कोअर देतं. स्कोअर वरच्या 3 टक्क्यांत आला की नाव आपोआप प्रोग्रामसाठी निघतं.

2019 मध्ये झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या जर्नलमध्ये अशा एका सॉफ्टवेअरची तपासणी छापली. त्यांनी केलं काय, तर एकसारखा स्कोअर मिळालेले गोरे आणि कृष्णवर्णीय पेशंट शेजारी शेजारी ठेवले आणि बघितलं की खरंच दोघं सारखेच आजारी आहेत का. नव्हते! त्या 3 टक्क्यांच्या उंबरठ्यावर कृष्णवर्णीय पेशंटना डायबिटीस, बीपी, किडनीचा त्रास असे जुनाट आजार सरासरी 26 टक्के जास्त होते. म्हणजे तोच स्कोअर मिळवायला त्यांना जास्त आजारी पडावं लागत होतं.

आता पहिला संशय सगळ्यांना हाच येतो की कोणीतरी वंशाचा कॉलम टाकला असणार. टाकला नव्हता, मॉडेलला वंश दिलेलाच नव्हता. मग?

मग मॉडेलला शिकवलं काय होतं ते बघावं लागतं. मशीन लर्निंगमध्ये जुना डेटा देऊन सांगतात की यावरून अमुक गोष्टीचा अंदाज लाव, त्या अमुक गोष्टीला टार्गेट म्हणतात. इथे हवं होतं 'कोण जास्त आजारी आहे', पण आजारीपणाचा तयार आकडा कुठे मिळतो? इन्शुरन्सच्या क्लेममध्ये खर्चाचा आकडा मात्र आयता असतो. म्हणून टार्गेट ठेवलं 'या पेशंटवर पुढे किती खर्च होईल'. ऐकायला ठीकच वाटतं, जास्त आजारी माणसावर जास्त खर्च होणार ना.

पण आजार तितकेच असूनही कृष्णवर्णीय पेशंटवर वर्षाला साधारण 1,800 डॉलर कमी खर्च होत होता. कारणं बरीच, दवाखान्यापर्यंत पोचणं अवघड, कामावरून सुट्टी मिळत नाही, डॉक्टरांवर विश्वास कमी, आणि तो कमी असायला इतिहासही आहे. जो दवाखान्यात गेलाच नाही त्याचं बिल नाही, आणि बिल नाही म्हणजे मॉडेलच्या नजरेत तो ठणठणीत.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की मॉडेल स्वतःच्या कामात चोख होतं. खर्चाचा अंदाज त्याने दोन्ही गटांसाठी जवळपास बरोबर लावला होता, त्यामुळे अ‍ॅक्युरसीचा रिपोर्ट मागवला असता तर तो छानच आला असता. तेव्हा कोणी तुमच्यासमोर अ‍ॅक्युरसीचा आकडा ठेवला तर आधी विचारा, कशाची अ‍ॅक्युरसी?

एकसारख्या स्कोअरला आजारही एकसारखा असेल असं करून बघितलं, तर आपोआप निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर गेलं. नंतर सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीबरोबर टार्गेट बदलून बघितलं, नुसत्या खर्चाऐवजी खर्च आणि तब्येत दोन्ही, तर एकाच स्कोअरवर दोन गटांच्या आजारांत दिसणारा फरक 84 टक्क्यांनी कमी झाला. टार्गेट निवडणं हा माणसांनी घेतलेला निर्णय होता, तो माणसांनीच बदलला.

आणि हो, वंशाची नोंदच कुठे ठेवली नसती तर ही तपासणीही झाली नसती. मॉडेलला ती माहिती देऊ नका, ठीक आहे, पण तपासणाऱ्याकडे ती लागतेच. संवेदनशील कॉलम उडवले म्हणजे आपण सुटलो असं समजणाऱ्या कंपन्या खरं तर स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून घेतात.

आता याची मर्यादा. इथे ताळा करायला खर्चापेक्षा वेगळं काहीतरी हातात होतं, निदान झालेले आजार, रक्ताच्या तपासण्या. कर्जाच्या मॉडेलमध्ये तसं नसतं. ज्याला कर्ज नाकारलं त्याने ते फेडलं असतं का, हे डेटात येणारच नाही, आणि पुढचं मॉडेल पुन्हा फक्त मंजूर झालेल्यांवरच शिकणार. यावर एक उपाय आहे, मॉडेलने नाकारलेल्यांपैकी थोड्या लोकांना चिठ्ठ्या टाकून मुद्दाम कर्ज द्यायचं आणि काय होतं ते बघायचं. त्यात काही पैसे बुडणार. किती बुडाले तर चालतील हे टेक टीम परस्पर ठरवू शकत नाही, ती फाइल तुमच्याकडेच सहीला येणार.